नवरात्रात देवघराचं चित्रीकरण: नंदादीप न हलवता फोन, उजेड आणि ट्रायपॉड कसा लावायचा

आमच्या कुलदेवतेचे टाक काही वर्षांपूर्वी गावच्या घरातून मुंबईत आमच्याकडे आले. माझ्या सासऱ्यांचे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गावीच राहतात आणि आता त्यांना प्रवास झेपत नाही. नवरात्रात रोजची आरती त्यांना फोनवर दिसावी एवढीच त्यांची इच्छा होती. पहिल्या संध्याकाळी मी फोन हातात धरून आरती टिपली आणि पाठवली. अण्णांचा निरोप आला, "दिवा दिसला गो, देवी दिसली नाही." व्हिडिओ पुन्हा पाहिला तर खरंच तसं होतं. नंदादीपाच्या जागी पांढरा गोळा, टाक काळपट आणि देवीच्या कपाळावर नाचणारा हिरवा ठिपका.

एरवी दिवा जरा बाजूला सरकवता येतो. नवरात्रात ती सोय नाही. घटाशेजारचा नंदादीप नऊ दिवस अखंड तेवत ठेवायचा आणि एकदा लावला की आमच्याकडे तो जागचा हलवत नाहीत. त्यामुळे बाकी सगळं दिव्याभोवती जुळवावं लागतं. ते कसं, हे मी खाली क्रमाने लिहिते आहे. दिवा हलवायची मुभा असेल तर काम आणखी सोपं होईल.

आमची जागा आधी सांगते, म्हणजे पुढचं डोळ्यांसमोर येईल. लालबागला दोन खोल्या, आणि देवघर म्हणजे स्वयंपाकघरातला फ्रिज आणि भिंत यांच्यामधला साडेतीन फुटांचा कोपरा. चौरंगावर लाकडी देव्हारा, त्यात टाक आणि मागे काचेची तसबीर. पुढे पाटावर पत्रावळीत माती पसरून घट बसवलेला. डाव्या हाताला नंदादीप. घटाच्या वर, देव्हाऱ्याच्या छताला आडवी काठी बांधलेली आणि तिच्यावरून रोज एक झेंडूची माळ सोडायची.

लागणारं सामान

- फोन, शक्यतो मागच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करायचं
- साधारण चार फुटांपर्यंत उंच होणारा साधा ट्रायपॉड आणि फोन उभा धरणारी पकड (लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतं. पकडीची स्प्रिंग दाबून पाहून घ्या, ढिली घेऊ नका)
- एक टेबल लॅम्प आणि त्यात ९ वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब. खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलेला हवा, ६५०० के नको
- पांढरी चादर किंवा मोठा पांढरा कार्डशीट
- दोन किलो तांदूळ आणि कापडी पिशवी
- रंगीत चिकटपट्टी, मऊ सुती फडकं, वायरचे इयरफोन

१. आधी घरच्यांना विचारा, मग जागा मोजा

ट्रायपॉडचे पाय कुठे टेकणार, हे आधी घरातल्या मोठ्यांना दाखवा. माझ्या सासूबाईंची एकच अट होती: बाहेरून आणलेली वस्तू पुसून घ्यायची आणि पाटाला लावायची नाही. मी पाय ओल्या फडक्याने पुसले, फोनचं चामड्याचं कव्हर काढलं आणि पाटापासून हातभर अंतर ठेवलं. तेवढं अंतर दिव्यासाठीही हवंच. ट्रायपॉडची वर केलेली मूठ किंवा फोनची लोंबणारी वायर ज्योतीच्या वर येता कामा नये. फोन ज्योतीच्या थेट वर तर कधीच धरू नका. उष्णतेने तो तापतो आणि काजळी थेट भिंगावर बसते.

मग अंतर पाहा. देव्हारा आणि फोन यांच्यामध्ये साडेतीन ते चार फूट मिळाले तर उत्तम. त्यापेक्षा जवळ गेलं की समोरचं आरतीचं ताट भलतंच मोठं दिसतं आणि मागचे टाक बारीक. जागा असेल आणि फोनला दुपटीचं वेगळं भिंग असेल तर आणखी मागे जाऊन ते वापरा. बोटांनी चिमटा काढून झूम करू नका, टाकावरची नक्षी पुसट होते.

२. ट्रायपॉड असा उभा करा की लोकल गेली तरी चालेल

आमच्या इमारतीत जलद गाडी गेली की फरशी किंचित थरथरते. पायांना ती कळतही नाही, व्हिडिओत मात्र देव्हारा हलताना दिसतो. ट्रायपॉडच्या पायांचे वरचे जाड भाग आधी बाहेर काढा, खालचे बारीक भाग गरज असेल तरच. मधला दांडा वर खेचायचा मोह होतो, कारण त्याने उंची पटकन मिळते, पण फोन त्या एकट्या दांड्यावर डोलायला लागतो. दांडा पूर्ण खाली ठेवा आणि उंची पायांनी मिळवा.

मधल्या हुकाला तांदळाची पिशवी अडकवा. ती हवेत लोंबकळत ठेवू नका, झोका घेते. पिशवीचं बूड फरशीला अलगद टेकेल इतकीच दोरी ठेवा. तीन पायांपैकी एक पाय देव्हाऱ्याच्या दिशेने असू द्या, म्हणजे फोनचं वजन त्या पायाच्या बाजूला पडतं आणि मागे उभ्या माणसाच्या पायात काही अडकत नाही.

दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. पहिली, ट्रायपॉड सतरंजीवर ठेवायचा नाही. आरतीला उभं असलेलं कोणी सरकलं की सतरंजी ओढली जाते आणि चौकट तिरकी होते. तो थेट फरशीवर ठेवा, आणि फरशी पुसलेली असेल तर वाळू द्या. दुसरी गोष्ट, ट्रायपॉडचा पाय फ्रिजला टेकवायचा नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला की चित्राला बारीक कंप येतो. कारण कळेना म्हणून मी एक संध्याकाळ पकडीचा स्क्रूच पिळत बसले होते.

पंखा आरतीपुरता बंद ठेवा. वाऱ्याने ज्योत हलली की उजेड हलतो, आणि चित्र स्थिर असूनही हलल्यासारखं वाटतं. फोनमध्ये धावतपळत चित्रीकरण करण्यासाठी जादा स्थिरतेची सोय असते, ती ट्रायपॉडवर बंद करा. सुरू ठेवली तर फोन ताटाच्या हालचालीमागे जायला बघतो आणि चौकट हळूहळू सरकते.

भिंग देवीच्या चेहऱ्याच्या उंचीवर आणा. आमच्याकडे ते फरशीपासून साधारण अडीच फुटांवर येतं, म्हणजे ट्रायपॉड पूर्ण उघडावाच लागत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून `Grid` सुरू करा आणि देव्हाऱ्याचा खांब उभ्या रेषेशी जुळवा. नंतर तिन्ही पायांशी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा आणि उंचीची खूण पायावरच करा. उद्या याच जागी परत यायचं आहे.

३. उजेड भिंतीवर टाका, देवावर नको

ज्योतीचा पांढरा गोळा का होतो, ते इथे समजून घ्या. कॅमेऱ्याला कोपरा अंधारा दिसतो, म्हणून तो सगळं चित्र उजळतो. टाक कसेबसे दिसू लागतात, पण ज्योत आधीच तेजस्वी असते, ती फुटून पांढरी होते. ज्योत आणि टाक यांच्या उजेडातलं अंतर फार आहे, हे खरं कारण. ज्योत कमी करता येत नाही, म्हणून टाकावरचा उजेड वाढवायचा.

तो वाढवताना बल्ब सरळ देवाकडे वळवलात तर प्रत्येक टाकावर, समईच्या प्रत्येक कड्यावर बल्बचं छोटं प्रतिबिंब चमकेल. चांदी आणि पितळ म्हणजे आरसेच. आरशात छोटा दिवा छोट्या टोचऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, मोठा पांढरा पृष्ठभाग मात्र मऊ झळाळीसारखा. म्हणून मी फ्रिजच्या बाजूवर पांढरी चादर सोडते, टेबल लॅम्प ट्रायपॉडच्या उजवीकडे थोडा मागे स्टुलावर ठेवते आणि त्याचं तोंड चादरीकडे करते. चादरीवरून परतलेला उजेड उजवीकडून टाकांवर पडतो, डावी बाजू नंदादीप सांभाळतो. चादर दिव्यापासून चांगली दोन-तीन फूट लांब असली पाहिजे आणि तिचं टोक खाली नीट खोचलेलं असलं पाहिजे. उजवीकडे पांढरी भिंत असेल तर चादर लागतच नाही.

स्वयंपाकघराची ट्यूब बंद करा. तिचा निळसर पांढरा उजेड आणि ज्योतीचा केशरी उजेड एकत्र आले की कॅमेरा गोंधळतो, पितळ हिरवट दिसतं आणि हळदकुंकवाचे रंग मरतात. देव्हाऱ्यात एलईडीची माळ लावली असेल तर तीही चित्रीकरणापुरती बंद. तिचा एकेक दाणा टाकांवर उमटतो.

आता तसबिरीची काच. फोनच्या जागी डोळा नेऊन काचेत पाहा, म्हणजे तिच्यात काय दिसतंय ते कळेल: खिडकी, फोनचा स्वतःचा पडदा, कोणाचा तरी पांढरा सदरा. तसबिरीच्या वरच्या कडेमागे घडी केलेला पुठ्ठा सरकवा. तसबीर किंचित पुढे झुकली की प्रतिबिंब खाली फरशीकडे जातं. तसबीर जितकी झुकते त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं, म्हणून अगदी थोडं पुरतं. मात्र आमच्याकडे जास्त झुकवल्यावर काचेत नंदादीपच दिसायला लागला, कारण तो खालीच आहे. मग पुठ्ठा काढला आणि तसबिरीची डावी कड एक बोट पुढे आणली. प्रतिबिंब उजवीकडे, चादरीच्या पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलं.

४. हिरव्या ठिपक्याला जागा नेमून द्या

देवीच्या कपाळावर नाचणारा तो ठिपका म्हणजे ज्योतीचंच उलटं प्रतिबिंब. ज्योतीचा तीव्र उजेड फोनच्या आत, भिंगांच्या आणि सेन्सरवरच्या काचेच्या पृष्ठभागांवर आपटून परत फिरतो आणि पुन्हा चित्रात उमटतो. महागड्या फोनमध्येही तो येतो. पूर्ण घालवणं बहुतेक वेळा जमत नाही, पण तो कुठे पडेल हे आधी सांगता येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

नियम साधा आहे. चित्राचा मध्यबिंदू धरा. ज्योत मध्यापासून जितकी डावीकडे आणि खाली, तितकाच ठिपका उजवीकडे आणि वर. खात्री करायची तर फोन किंचित डावीकडे वळवा. ज्योत चित्रात उजवीकडे सरकेल आणि ठिपका डावीकडे. जे असं उलटं पळतं तेच प्रतिबिंब.

पहिल्या दिवशी मी नंदादीप चित्राच्या खालच्या भागात जवळजवळ मधोमध घेतला होता, म्हणून ठिपका वर मधोमध, थेट देवीच्या मुखावर गेला. दुसऱ्या दिवशी दिवा जागचा न हलवता ट्रायपॉड वीतभर उजवीकडे नेला आणि फोन तिथून अगदी थोडा आणखी उजवीकडे वळवला. ज्योत चित्राच्या डाव्या कडेजवळ, खालून साधारण पाव उंचीवर आली. ठिपका उजव्या कडेजवळ, वरून पाव उंचीवर गेला, आणि तिथे झेंडूच्या माळा होत्या. केशरी फुलांच्या गर्दीत तो फिकट हिरवा ठिपका शोधूनही सापडत नाही. तुमच्याकडे तिथे तोरण असेल, केळीचं पान असेल. भडक, दाट काहीतरी त्या जागी आलं की झालं. सपाट काळोख तेवढा नको, त्यात ठिपका उठून दिसतो.

ठिपक्याशिवाय ज्योतीतून लांब रेघा निघत असतील तर तो दोष भिंगावरच्या तेलकट बोटाचा. फडक्याने एकाच दिशेने पुसलं की चिकटपणा रेषांमध्ये पसरतो आणि उजेडाची रेघ त्यांना आडवी निघते. तोंडाची वाफ सोडून गोल गोल फिरवत पुसा, रोज, आरतीच्या आधी. भिंगावर वरून चिकटवलेली संरक्षक काच असेल तर ती काढून एकदा पाहा, ती स्वतःची वेगळी प्रतिबिंबं भरते.

नंदादीपावर काचेची चिमणी असेल तर तिच्यातही ज्योतीची दुसरी प्रतिमा दिसते आणि काजळीने काच धुरकट होते. आमच्याकडे काजळी काढताना आधी नंदादीपावरून निरांजन लावून घेतात, म्हणजे ज्योत खंडित होत नाही. तेव्हाच चिमणी पुसून घ्यावी. गरम काचेला ओलं फडकं लावू नका, तडकते.

५. फोनला स्वतःच्या मनाने काही करू देऊ नका

पडद्यावर देवीच्या टाकावर बोट दाबून धरा. आयफोनवर `AE/AF LOCK` अशी पिवळी पट्टी येते, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये कुलपाचं चिन्ह. त्यानंतर शेजारच्या सूर्याच्या चिन्हावरून बोट खाली ओढत उजेड कमी करा. किती, हे ज्योत पाहून ठरवा. बुंध्याशी वात आणि भोवतीची पिवळी कड दिसू लागली की थांबा. ज्योत नुसता पांढरा थेंब दिसत असेल तर अजून खाली. टाकावरचे डोळे दिसेनासे झाले तर मात्र वर जाऊ नका, त्याऐवजी लॅम्प चादरीच्या थोडा जवळ न्या.

हे कुलूप कापूर पेटताना सगळ्यात जास्त कामी येतं. कुलूप नसेल तर कापराच्या भडक्यासरशी फोन सगळं चित्र काळं करतो आणि कापूर विझल्यावर पुन्हा उजळतो.

चित्रावर आडवे काळसर पट्टे वरखाली सरकत असतील तर ते बल्बचं मिचकावणं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या फोनचा त्याच्याशी मेळ बसत नाही. आयफोनवर `Settings > Camera > Record Video` मध्ये `Show PAL Formats` सुरू करून २५ चित्रांचा पर्याय निवडा. ज्या अँड्रॉइड फोनमध्ये व्हिडिओसाठी प्रो मोड आहे तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आणि रंगाचं तापमान ३००० के च्या आसपास बांधून टाका. एवढं करूनही पट्टे राहिले तर दुसरा बल्ब आणा. काही स्वस्त बल्बांचं मिचकावणं कशानेच जात नाही. आणताना दुकानातच फोनचा कॅमेरा बल्बासमोर धरून पाहता येतं. आमचा दुसरा बल्ब मी लोहार चाळीतून असाच पारखून आणला.

ताट ओवाळताना ते फोनच्या जवळून गेलं की काही फोन आपणहून भिंग बदलतात आणि चित्र झटका खातं. आयफोनवर `Record Video` मध्येच `Lock Camera` आहे, ते सुरू करा.

६. दहा सेकंदांची तालीम, मग आरती

इयरफोनची वायर फोनला जोडा. बहुतेक फोनमध्ये तिच्यावरच्या आवाजाच्या बटणाने चित्रीकरण सुरू होतं आणि फोनला हात लावावा लागत नाही. नाही चाललं तर बोटाने सुरू करा आणि तीन-चार सेकंद तसेच थांबा, तेवढ्यात ट्रायपॉड शांत होतो.

आरतीच्या आधी दहा सेकंद टिपून मोठं करून पाहा: ज्योतीची कड, देवीचे डोळे, ठिपका माळेत आहे ना, पट्टे नाहीत ना. ओवाळणाऱ्याने चित्राच्या उजवीकडे उभं राहायचं आणि ताट घटाच्या उंचीवर, देवाजवळ फिरवायचं, फोनकडे आणायचं नाही. ताटातल्या निरांजनाचाही ठिपका पडतो आणि तो ताटाच्या उलट दिशेने फिरत राहतो. ते टाळता येत नाही, पण ताट फोनपासून लांब राहिलं तर ठिपका लहान आणि फिकट असतो. धूप आरतीनंतर फिरवा. दाट धुरात चित्रावर दुधी पडदा येतो.

व्हिडिओ कॉलवर आरती दाखवायची असेल तर वरची कुलपं बहुधा मिळत नाहीत. तिथे सगळी भिस्त तिसऱ्या पायरीवर: टाकांवर चादरीचा उजेड भरपूर हवा. आणि कॉल करताना मागचाच कॅमेरा लावा.

७. नऊ दिवस एकच चौकट

चौकट ठरवताना माळांचा विचार पहिल्याच दिवशी करा. रोज एक माळ वाढते, आणि नवव्या दिवशी ती गर्दी देवीच्या मुखावर येऊ शकते. आम्ही पहिली माळ काठीच्या उजव्या टोकाला बांधतो आणि पुढच्याही तिला लागून त्याच टोकाला बांधतो. घटासमोरही बोटभर जागा मोकळी ठेवा, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी धान्य उगवतं आणि शेवटी कोंब चांगले वीतभर होतात. ते नंदादीपाच्या ज्योतीसमोर आले तर ज्योत झाकली जाते.

फरशीवरच्या खुणांमुळे आमचे पुढचे आठही व्हिडिओ एकाच चौकटीत आले. दसऱ्याला मुलाने प्रत्येकातला पाच-पाच सेकंदांचा तुकडा एकापुढे एक जोडला. देव्हारा जागचा हलत नाही, ज्योत तीच, आणि घटातले कोंब मातीतून वर येत जातात. अण्णांना तो पाठवला तेव्हा त्यांनी लगेच फोन केला. देवीचं त्यांनी काही विचारलं नाही. "यंदा जव चांगले आलेत," म्हणाले, "माती कुठली घेतलीत?"